पाचशे प्रतींचा पटखेळ: आवाहनाआधीचा हिशेब

'प्रकाशनपूर्व सवलत' ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. पुस्तक छापायच्या आधी पैसे भरायचे, नाव नोंदवायचं, आणि छापून झालं की सवलतीच्या किमतीत प्रत घरी. पटखेळासाठी केलेलं क्राउडफंडिंग मुळात हेच आहे. फरक एवढाच की इथे उद्दिष्टाची रक्कम आणि मोहिमेची मुदत पानावर सगळ्यांना दिसते, आणि बहुतेक ठिकाणी नियम असा असतो की मुदतीत उद्दिष्ट गाठलं नाही तर एक रुपयाही मिळत नाही, सगळ्यांचे पैसे सगळ्यांकडे राहतात. २००९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या किकस्टार्टरने हा नियम रुजवला. मुंबईच्या झैन मेमन यांचा 'शासन' हा राजकारणावरचा खेळ २०१९ मध्ये याच मार्गाने जगभरच्या खेळाडूंपुढे गेला.

आपल्याकडे चांगले खेळ सुचणारी माणसं पुष्कळ आहेत. कुणी आठवडी बाजारावर खेळ करतं, कुणी गडकोटांवर, कुणी लोकलच्या वेळापत्रकावर. नमुना तयार असतो, मित्रमंडळी रात्र रात्र खेळलेली असतात, आणि मग प्रश्न येतो पैशांचा. इथे बहुतेक जण छापखान्यात जाऊन भाव विचारतात, मिळालेला आकडा पानावर उद्दिष्ट म्हणून टाकतात, आणि मोहीम 'यशस्वी' झाल्यावर अडचणीत येतात. हे का होतं ते एका खेळाचा हिशेब मांडूनच समजेल.

समजा खेळ असा आहे. ४८ पत्ते, लाकडाच्या ४० रंगीत सोंगट्या, घडीचा नियमांचा कागद आणि झाकण उचलून उघडायची छोटी जाड खोकी, ज्याला पॅकिंगवाले रिजिड बॉक्स म्हणतात. पट नाही. दोन ते चार खेळाडू, अर्धा तास. पुढचे भाव मी महाराष्ट्रातल्या छोट्या ऑफसेट छापखान्याचा अंदाज म्हणून धरले आहेत. तुमच्या गावात ते थोडे इकडेतिकडे होतील, हिशेबाची रीत तीच राहील.

आधी छापखान्यात जाऊ. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा, म्हणजे नेहमीच्या खेळायच्या पत्त्याएवढा. कापताना सुरी जराशी सरकली तरी कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून चित्र चारही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर जास्त ठेवावं लागतं. मग कागदावर एका पत्त्याला ६९ बाय ९४ मिलिमीटर जागा लागते. २० बाय ३० इंचाच्या कागदावर अशा सात गुणिले आठ, म्हणजे ५६ जागा बसतात, आणि मशीनने कागद धरायला कडेची पट्टीही उरते. म्हणजे एका खेळाचे सगळे पत्ते एका कागदावर. ५०० खेळांना ५०० कागद, वर वाया जाणारे धरून ६०० च्या आसपास. ५७ वा पत्ता आला की मात्र दुसरा कागद, दुसऱ्या प्लेटा, मशीनची दुसरी जुळवणी. खेळ रचतानाच हा आकडा माहीत असलेला बरा. आपल्या ४८ पत्त्यांच्या खेळात आठ जागा मोकळ्या राहिल्या आहेत, त्यांचा उपयोग पुढे येईल.

छपाईचा खर्च दोन भागांत पडतो. पहिला भाग प्रती कितीही काढा, तेवढाच राहतो: प्लेटा, मशीन रंगाला आणेपर्यंत वाया जाणारे कागद, पत्ते आणि खोकी कापायचे डाय, पहिले नमुने. याचे ३० हजार धरू. दुसरा भाग प्रत्येक प्रतीचा: कागद, शाई, लॅमिनेशन, कापणी, पत्त्यांचे गोल कोपरे, खोकी, सोंगट्या, नियमांचा कागद, सगळं मोजून भरायची मजुरी आणि वरचं पातळ प्लास्टिक. करासकट याचे २१० रुपये धरू. आता २०० प्रती काढल्या तर एकूण ७२ हजार, प्रत पडते ३६० रुपयांना. ५०० काढल्या तर १ लाख ३५ हजार, प्रत २७० रुपयांना. हजार काढल्या तर प्रत २४० रुपयांना. २०० वरून ५०० वर जाताना प्रतीमागे ९० रुपये वाचतात, ५०० वरून हजारावर जाताना फक्त ३०. म्हणून पहिल्या खेळाला मी ५०० च सुचवेन. त्या तीस रुपयांच्या मोहात घरात पाचशे खोकी पडून राहतात.

छापखान्याच्या बाहेरचाही खर्च आहे. चित्रकाराचे ६० हजार धरू, पानासाठी छायाचित्रं आणि छोटी चित्रफीत यांचे १५ हजार. चित्रकार मित्र असला तरी त्याचं मानधन हिशेबात दिसलंच पाहिजे. ते लपवलं की खेळाची किंमत खोटी ठरते, आणि दुसऱ्या खेळाच्या वेळी तो मित्र उरत नाही.

आता कुरिअर. इथे नवखे लोक सर्वांत जास्त फसतात, कारण कुरिअरवाले फक्त वजन पाहत नाहीत, जागाही पाहतात. पाकिटाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायचं. येणारा आकडा किलोत. तो आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. काही कंपन्या ५,००० ऐवजी लहान आकड्याने भागतात, तेव्हा भरणा वाढतो. करारापूर्वी हे विचारून घ्यावं.

आपली खोकी १६ बाय ११ बाय ४ सेंटिमीटरची. पुठ्ठ्याच्या बाहेरच्या डब्यात ती २० बाय १४ बाय ७ होते. गुणाकार १,९६०, भागाकार ०.३९. काट्यावरचं वजन पाहू. कागद जाड असला तरी एक पत्ता पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त शंभर ग्रॅम. खोकी ऐंशी, सोंगट्या आणि कागद पन्नास. एकूण २३० ग्रॅम, बाहेरच्या डब्यासकट ३०० च्या आत. दोन्ही मोजमापांनी आपण अर्ध्या किलोच्या दरात बसतो. हाच खेळ दुकानात भारदस्त दिसावा म्हणून ३० सेंटिमीटरच्या चौकोनी खोकीत घातला तर बाहेरचा डबा ३४ बाय ३४ बाय ११ होतो. गुणाकार १२,७१६, भागाकार अडीच किलोच्या वर. आत तेच पत्ते, त्याच सोंगट्या, बाकी हवा, आणि भाडं तीन किलोचं. खोकी किती मोठी हवी हे चित्रकाराने ठरवण्याआधी फुटपट्टी आणि भागाकाराने ठरवावं.

अर्ध्या किलोला महाराष्ट्रात साठ रुपये, लांबच्या राज्यांत नव्वद, ईशान्येकडे त्याहून जास्त असं धरून सरासरी ८० रुपये ठेवू. बाहेरचा डबा, चिकटपट्टी, आतला कागद यांचे २०. म्हणजे पोहोचवण्याचे १०० रुपये.

खेळाची किंमत ७९९ रुपये ठेवली, घरपोच. आपल्याकडे लोकांना 'पोहोचवण्याचे वेगळे' आवडत नाही, म्हणून भारतात ते आत धरलेलं चांगलं. या ७९९ मधून किती उरतात? सप्टेंबर २०२५ पासून पटखेळांवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. त्याचे ३८ रुपये गेले. 'माझी उलाढाल ४० लाखांच्या खाली, मला जीएसटी नाही' असं पुष्कळांना वाटतं. पण पुण्यातून बेंगळुरूला एक प्रत विकली तरी ती आंतरराज्य विक्री होते, आणि वस्तूंच्या आंतरराज्य विक्रीला उलाढाल न पाहता नोंदणी लागते. ही नोंदणी मोहिमेच्या आधी करावी. ती असली की छपाईवर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळतं. हिशेब सोपा राहावा म्हणून ते मी इथे मोजलेलं नाही.

नंतर प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि पैसे गोळा करणाऱ्या गेटवेचा आकार. किकस्टार्टरवर ५ टक्के कमिशन आणि वर साधारण ३ टक्के व्यवहार-शुल्क असतं. मात्र तिथे भारतातल्या निर्मात्याला थेट मोहीम उघडता येत नाही, परदेशातली कंपनी किंवा भागीदार लागतो. भारतीय प्लॅटफॉर्मवर करासकट १२ टक्के धरून चालू. हे टक्के पूर्ण ७९९ वर लागतात, कुरिअरच्या पैशांवरही. गेले ९६ रुपये. पोहोचवण्याचे १०० गेले. हातात राहिले ५६५.

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तो ५६५. पानावर लोकांना ७९९ दिसतात, पण छापखान्याचं बिल ५६५ नेच भरायचं असतं.

आता ती नेहमीची चूक पाहू. छपाईचं बिल १ लाख ३५ हजार, म्हणून उद्दिष्ट १ लाख ३५ हजार ठेवलं. १६९ जणांनी प्रती नोंदवल्या, आकडा गाठला, अभिनंदनाचे संदेश आले. १६९ गुणिले ५६५ म्हणजे हातात ९५ हजार. छपाईच्या बिलालाच ४० हजार कमी पडले, चित्रकार अजून दारात उभाच आहे. आणि मोहीम यशस्वी झाल्यामुळे १६९ लोकांना खेळ देण्याचं बंधन आलं आहे. उद्दिष्ट गाठलं नसतं तर निदान कुणाचं देणं लागलं नसतं.

बरोबर रीत उलट दिशेची आहे. छापखाना ५०० पेक्षा कमी प्रती काढायला तयार नाही, किंवा काढल्या तर परवडत नाही. तेव्हा नोंदणी कितीही झाली तरी बिल ५०० प्रतींचं येणार. १ लाख ३५ हजार छपाई, ७५ हजार चित्रं आणि पान, मिळून २ लाख १० हजार. त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी: कागदाचा भाव वाढला, एक नमुना फुकट गेला, सोंगट्यांचा रंग चुकला. झाले २ लाख ३१ हजार. याला ५६५ ने भागलं की ४०९ माणसं. ४०९ गुणिले ७९९ म्हणजे ३ लाख २७ हजार. पानावर घालायचं उद्दिष्ट हे, सव्वातीन लाखांच्या आसपास. छापखान्याच्या बिलाच्या जवळजवळ अडीचपट.

हा आकडा पाहून पहिली प्रतिक्रिया असते की किंमत उतरवू, म्हणजे जास्त लोक घेतील. ५९९ करून पाहा. कर, कमिशन आणि कुरिअर वजा जाता ३९८ उरतात, आणि २ लाख ३१ हजारांसाठी ५८० माणसं लागतात. प्रतीच ५०० आहेत. किंमत दोनशेने उतरवली आणि मोहीम अशक्य झाली. कुरिअरचा अंदाज शंभराऐवजी एकशेचाळीस निघाला तर ४०९ ऐवजी ४४० माणसं लागतात, ते अजून झेपण्यासारखं आहे. अशी दोन-तीन गणितं कागदावर करून पाहिली की कोणत्या आकड्याला हात लावता येतो आणि कोणत्याला नाही, हे आपोआप कळतं. आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारायचा: ४०९ माणसं माझ्या ओळखीच्या परिघात, खेळाच्या गटांत, ग्रंथालयांत, कॉलेजांत खरोखर आहेत का? आधी नमुना खेळलेले शंभर-दीडशे जण पहिल्या दोन-तीन दिवसांत पैसे भरतील अशी खात्री नसेल तर मोहीम पुढे ढकलावी.

उद्दिष्ट ठरलं की श्रेणी. माझं मत स्पष्ट आहे: तीन पुरेत, चार म्हणजे फार झाल्या. पहिली १४९ रुपयांची, घरी छापून कापायच्या पीडीएफची. तिला कुरिअर नाही, आणि परदेशातल्या किंवा फक्त शुभेच्छा द्यायच्या माणसाला ती सोयीची पडते. दुसरी ७९९ ची, एक प्रत. मोहिमेचा बहुतेक भार हीच उचलते. तिसरी दोन प्रतींची, १,४९९ रुपयांना. एक घरात, एक भेट द्यायला.

या तिसरीत एक बारीक खाच आहे. दोन खेळांचं वजन ४६० ग्रॅम. बाहेरचा डबा ६० ग्रॅमचा. एकूण ५२०, म्हणजे वीस ग्रॅमसाठी आपण एक किलोच्या दरात गेलो. पातळ पुठ्ठ्याने ते वीस ग्रॅम वाचवायचा मोह होतो, पण मग कोपरे चेपलेल्या खोक्या पोहोचतात आणि नव्या प्रती पाठवाव्या लागतात. किलोचाच दर धरावा. कुरिअर आणि डब्याचे १५५, कर ७१, कमिशन १८०, उरले १,०९३. प्रतीमागे साडेपाचशेला थोडे कमी. एका प्रतीपेक्षा वीसेक रुपये कमी उरतात, आणि एका माणसाकडून दोन प्रती जातात. हा सौदा चांगला आहे. तीन प्रतींवर याच प्रमाणात सूट वाढवत नेली तर तो बिघडतो.

टी-शर्ट, मग, पिशव्या श्रेणींत घालू नयेत. टी-शर्टला पाच मापं, मगला वेगळा डबा, दोन्हींना वेगळं वजन. ज्या खेळासाठी लोक आले त्याचे पैसे त्यात विरघळतात. 'तुमचा चेहरा पत्त्यावर' ही श्रेणी लोकांना खूप आवडते, पण प्रत्येक चेहऱ्यामागे चित्रकाराचं काम असतं आणि एका माणसाने फोटो पाठवायला महिना लावला की सगळी छपाई थांबते. ठेवायचीच तर दहा जणांपुरती, किंमत चित्राचा खर्च धरून, आणि फोटोची शेवटची तारीख पानावर लिहून. नियमांच्या कागदावर नाव छापायला मात्र काहीच लागत नाही आणि लोकांना ते मनापासून हवं असतं. ते सगळ्यांनाच द्यावं.

पहिल्या पन्नासांना सूट, हा प्रकारही मला पटत नाही. एकावन्नाव्या माणसाला पान उघडताच कळतं की आपण उशिरा आलो, आणि तो नंतर येतो म्हणून बंद करतो. व्हिटिकल्चर आणि साइथ या खेळांच्या मोहिमा चालवणारे जेमी स्टेगमायर यांनीही या सवलतीविरुद्ध लिहिलं आहे.

उद्दिष्ट ओलांडल्यावर काय वाढवून देणार, हे आधीच ठरवावं लागतं. इथे कागदावरच्या त्या आठ मोकळ्या जागा कामी येतात. दोन पत्त्यांवर खेळीचा सारांश, सहा पत्ते पुढच्या टप्प्यासाठी. साडेतीन लाखांना तीन नवे व्यापारी, पावणेचारला आणखी तीन. प्लेट तीच, कागद तोच, वजन दहा ग्रॅमने वाढलं, खर्च फक्त चित्रांचा. याउलट उत्साहाच्या भरात 'चार लाख झाले तर वीस पत्त्यांची पुरवणी' जाहीर केली की दुसरा कागद आला, आणि त्या जादाच्या पैशांपेक्षा त्याचं बिल मोठं झालं. मोहीम चढत असताना मध्यरात्री अशी आश्वासनं दिली जातात, म्हणून टप्पे आधी लिहून ठेवायचे.

आता पान. उघडल्याबरोबर, खाली न सरकता, वाचकाला पाच गोष्टी दिसल्या पाहिजेत: टेबलावर मांडलेल्या खऱ्या नमुन्याचा फोटो, किती जण खेळतात, किती वेळ लागतो, किंमत, आणि कोणत्या महिन्यात हाती येईल. संगणकावर काढलेली चकचकीत खोकी दाखवण्यापेक्षा हाताने कापलेल्या पत्त्यांचा खरा फोटो लोकांचा विश्वास जास्त कमावतो. त्याखाली एक खेळी पूर्ण दाखवणारी मिनिटभराची चित्रफीत आणि नियमांची पूर्ण पीडीएफ. जाणकार खेळाडू आधी नियम वाचतो आणि मग पैसे भरतो. नियम लपवले तर त्याला शंका येते. मग पैशांचा तक्ता. वर केलेला ७९९ चा हिशेब जसाच्या तसा द्यायला हरकत नाही. शंभर रुपये कुरिअरला आणि शहाण्णव कमिशनला जातात हे दिसलं की 'एवढा महाग का' हा प्रश्न बहुतेक विचारला जात नाही.

वयाची ओळ विचार करून लिहावी. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि त्याची चाचणी, परवाना हा ५०० प्रतींच्या अंदाजपत्रकात न बसणारा खर्च आहे. म्हणून पुष्कळ छोटे निर्माते खेळ चौदा वर्षांवरच्यांसाठी करतात. पण खोकीवर १४+ छापलं आणि चित्रं, विषय, पानावरचे फोटो सगळे सहा वर्षांच्या मुलांचे, असं चालत नाही. खेळ खरोखर मोठ्यांसाठी असेल तरच तसं लिहावं. मुलांसाठी असेल तर परवाना असलेल्या उत्पादकाकडूनच तो बनवून घ्यावा आणि तो भाव धरून सगळा हिशेब पुन्हा मांडावा.

परदेशातल्या मराठी माणसांचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो: 'न्यू जर्सीला पाठवाल का?' एकट्या प्रतीचं विमानाचं भाडं बहुधा खेळाच्या किमतीहून जास्त होतं. शिवाय नियम मोहिमेच्या मध्येच बदलू शकतात. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ ला संपली, आणि त्या सुमाराला भारतीय टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली होती, ती ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झाली. युरोपीय संघात २०२१ पासून स्वस्तातल्या स्वस्त पार्सलवरही व्हॅट लागतो. तेव्हा परदेशी भाडं ७९९ मध्ये कधीही धरू नये. पानावर लिहावं की खेळ तयार झाल्यावर त्या दिवसाचा दर कळवला जाईल, तो आणि तिकडचा कर घेणाऱ्याकडे. एका शहरातल्या दहा जणांनी मिळून एकच पार्सल मागवलं तर प्रत्येकाचा बोजा बराच हलका होतो. महाराष्ट्र मंडळातली एखादी उत्साही व्यक्ती हे काम आनंदाने करते.

तारखेचं गणित छापखान्याच्या हंगामाशी बांधलेलं आहे. दिवाळीच्या आधी दिवाळी अंक आणि कॅलेंडरं, वर्षअखेर डायऱ्या, उन्हाळ्यात पाठ्यपुस्तकं आणि लग्नपत्रिका. पावसाळ्यात वेळ मिळतो, पण दमट हवेत पुठ्ठा फुगतो आणि एकाच बाजूने लॅमिनेशन केलेले पत्ते केळीच्या पानासारखे वळतात. लॅमिनेशन दोन्ही बाजूंनीच करून घ्यावं, आणि नमुन्याचे पत्ते आठवडाभर उघडे ठेवून सपाट राहतात का ते पाहावं. पहिल्या खेळाला मला जानेवारी-फेब्रुवारीची छपाई उत्तम वाटते. मोहीम नोव्हेंबरमध्ये, डिसेंबरात पैसे हाती आणि फाइली पक्क्या, जानेवारीत नमुना मंजूर, फेब्रुवारीत छपाई, मार्चमध्ये भरणी. पानावर मात्र 'एप्रिलअखेर' लिहायचं, म्हणजे मे महिन्याच्या सुटीआधी खेळ घरात असतो आणि एक महिना हाताशी राहतो.

आलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, हा सल्ला वरवरचा वाटेल. २०१२ मध्ये अमेरिकेत 'द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी' या खेळासाठी ३५ हजार डॉलर मागितले गेले आणि १ लाख २२ हजार आले. वर्षभराने खेळ रद्द झाल्याचं जाहीर झालं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये कारवाई केली, क्राउडफंडिंगवरची त्यांची ती पहिलीच. कमिशनचं म्हणणं होतं की पैसे घरभाडं, घर बदलणं आणि दुसऱ्याच कामावर खर्च झाले. बाराशेहून जास्त लोकांचा त्यात विश्वास होता. लबाडी मनात नसतानाही एकाच खात्यात घरखर्च आणि खेळाचे पैसे असले की तसं व्हायला वेळ लागत नाही.

५०० पैकी २५ प्रती कुणालाही विकायच्या नाहीत. वाटेत चेपलेल्या खोक्या, कमी भरलेल्या सोंगट्या, हरवलेलं पाकीट यांसाठी त्या राखून ठेवायच्या. पत्त्यांचे जादा संचही त्याच छपाईत काढून घ्यावेत. नंतर वेगळा एक पत्ता छापून दिला तर त्याच्या पाठीचा रंग किंचित वेगळा येतो, आणि तो पत्ता पाठीवरूनच ओळखू येतो. मग तो खेळ खेळण्यासारखा राहत नाही.

४०९ प्रती पाठीराख्यांना, २५ राखीव, म्हणजे ६६ उरतात. त्या प्रदर्शनात, खेळांच्या कॅफेत, ओळखीच्या पुस्तकाच्या दुकानात हातोहात विकल्या तर कर वजा जाता पन्नास हजारांच्या घरात येतात. दुकानदाराचं कमिशन गेलं तर त्याहून कमी. निर्मात्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा मोबदला या पहिल्या आवृत्तीत बहुधा एवढाच, म्हणून त्या ६६ प्रती भेटी देऊन संपवू नयेत. दुसरी आवृत्ती निघाली तर चित्रांचे ६० हजार पुन्हा द्यावे लागत नाहीत आणि डायही तेच वापरता येतात. ते डाय छापखान्यात राहिले तरी मालकी तुमची आहे, हे पहिल्याच बिलावर लिहून घ्यावं.